धूर, दार आणि आपला जिना

(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात इमारतीतील रहिवाशांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी विषय विचारला. चिटणीस म्हणाले, "आगीबद्दल काहीतरी सांगा." मी अग्निशमन दलात अठ्ठावीस वर्षे नोकरी केली. त्यामुळे आगीच्या गोष्टी सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही. पण आज इथे येताना लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढलो आणि विषय आपोआप सापडला. नवव्या मजल्यावर जिन्याचे लोखंडी दार उघडे होते आणि ते मिटू नये म्हणून खाली एक दगड लावला होता. दगड नीट धुतलेला होता, म्हणजे तो आजचा नाही, रोजच्या वापरातला आहे. त्या दगडाबद्दलच मी बोलणार आहे.

दगड लावणाऱ्याला मी दोष देत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म चाळीत गेला. चाळीत दिवसा दार लावणे म्हणजे शेजाऱ्याशी भांडण झाल्याची खूण. पोरे एका घरातून दुसऱ्या घरात पळायची, भाजीची वाटी इकडून तिकडे जायची. आणि खरे सांगायचे तर आगीच्या दृष्टीने चाळीची एक बाजू चांगली होती. खोलीच्या दाराबाहेर उघडी गॅलरी असे. एखाद्या खोलीत स्टोव्ह भडकला तर धूर दारातून गॅलरीत आणि गॅलरीतून सरळ आकाशात जाई. लाकडी जिने, लाकडी तुळया हा चाळीचा मोठा धोका होताच, तो मी विसरलेलो नाही. पण धुराला बाहेर पडायला वाट होती.

टॉवरमध्ये तसे नाही. इथे दाराबाहेर बंद पॅसेज आहे. पॅसेजच्या एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला जिना, मध्ये विजेच्या तारांचा डक्ट. खोलीतून निघालेल्या धुराला आकाश मिळत नाही, मिळतो तो शेजाऱ्याचा दरवाजा आणि जिना. जिना म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत उभे धुराडेच. चाळीतली उघड्या दाराची सवय आपण टॉवरमध्ये घेऊन आलो, पण गॅलरी मागे राहिली. घोटाळा इथे झाला.

म्हणून अशा इमारतीत धूर आणि आग अडवण्याची सोय बांधतानाच करावी लागते. तिला मी कप्पेबंदी म्हणतो. आपला मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. हळदीची वाटी सांडली तरी मोहरी खराब होत नाही, कारण प्रत्येक जिन्नस आपापल्या वाटीत आहे. इमारतीतही प्रत्येक घर ही एक वाटी, पॅसेज दुसरी, जिना तिसरी. भिंती आणि स्लॅब या त्या वाटीच्या कडा. पण माणसांना ये-जा करायची असते, म्हणून कडेला भोक पाडून तिथे दार बसवावे लागते. भिंत चोवीस तास भिंतच असते. दार मात्र मिटलेले असेल तेवढाच वेळ भिंत असते.

आता धूर किती आणि कसा पळतो ते थोड्या हिशेबाने पाहू. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि पावणेतीन मीटर उंच अशी खोली घ्या. तिच्यात साधारण ३३ घनमीटर हवा मावते. आगीने ती हवा सरासरी ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तर फुगून जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे खोलीभर वायू बाहेर ढकलला जाणारच. आणि ही फक्त सुरुवात आहे, कारण आग नवी हवा ओढत राहते आणि नवा धूर करत राहते. हा गरम धूर हलका, म्हणून आधी छताशी जमतो आणि दाराच्या वरच्या भागातून बाहेर पडतो. खालच्या भागातून थंड हवा आत शिरते आणि आगीला खाद्य देते. पॅसेजमध्ये गेल्यावर धूर छताखालून पुढे सरकतो, सरकता सरकता थंड होतो आणि खाली उतरतो. म्हणून आगीपासून लांब असलेल्या माणसाला वरपासून खालपर्यंत धूरच दिसतो, ज्वाला दिसतच नाही.

आता दाराकडे या. ९० सेंटिमीटर रुंद आणि २१० सेंटिमीटर उंच दार पूर्ण उघडे असेल तर धुराला १८,९०० चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. तेच दार मिटले, दोन्ही बाजूंना आणि वर ३ मिलिमीटरची फट आणि खाली १० मिलिमीटरची फट राहिली, तर सगळ्या फटी मिळून होतात सुमारे २४३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे वाट जवळजवळ ऐंशी पटीने लहान झाली. आणि दगड लावून दार फक्त १० सेंटिमीटर किलकिले ठेवले तर? केवळ त्या उभ्या फटीचेच २,१०० चौरस सेंटिमीटर होतात. मिटलेल्या दाराच्या साडेआठपट! "दार अर्धे तरी लावलेले आहे ना" असे आपण म्हणतो, पण धुराच्या हिशेबात अर्धे लावलेले दार हे उघडेच असते.

हे कागदावरचे झाले. प्रत्यक्षात काय होते ते न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीने जगाला दाखवले. ब्रॉन्क्स भागात ट्विन पार्क्स नावाच्या वसाहतीत १९ मजल्यांची एक इमारत आहे, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली. कष्टकरी माणसांची वस्ती. त्यातले बरेच लोक आफ्रिकेतल्या गांबिया देशातून पोटासाठी तिथे गेलेले. ९ जानेवारी २०२२ चा रविवार, सकाळी अकराच्या सुमाराची वेळ, कडाक्याची थंडी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर पसरलेल्या एका घरात विजेच्या हीटरमुळे आग लागली. घरातली माणसे जीव घेऊन बाहेर पळाली. कोणीही तेच करील. तिथल्या कायद्याप्रमाणे घराचे दार माणूस बाहेर पडला की आपोआप मिटायला हवे. ते मिटले नाही. उघडेच राहिले.

पुढचे नीट ऐका. आग स्वतः त्या घरापलीकडे आणि त्या मजल्याच्या पॅसेजपलीकडे गेली नाही. एकोणीस मजल्यांपैकी बाकीच्या मजल्यांवर एक खुर्चीही जळली नाही. पण धूर त्या उघड्या दारातून पॅसेजमध्ये आणि तिथून जिन्यात शिरला. वर पंधराव्या मजल्यावर जिन्याचे आणखी एक दार उघडे होते. खाली तोंड, वर तोंड, मध्ये उभा जिना. धुराडे पूर्ण झाले. १७ माणसे गेली, त्यात ८ मुले. सगळी धुराने. वरच्या मजल्यांवरचे लोक सुटका होईल म्हणून जिन्यात उतरले आणि जिन्यातच सापडले. आगीची घंटा वाजली होती, पण ती एरवीही विनाकारण वाजत असे, म्हणून अनेकांनी तिच्याकडे आधी लक्ष दिले नाही.

मला या घटनेत सर्वांत जास्त टोचते ते वेगळेच. त्याच ब्रॉन्क्समध्ये डिसेंबर २०१७ मध्ये एका इमारतीत लहान मुलाच्या हातून शेगडीमुळे आग लागली, आई मुलांना घेऊन पळाली, दार उघडे राहिले आणि १३ माणसे गेली. त्यानंतर शहराने कायदा केला की अशा इमारतींतली दारे ३१ जुलै २०२१ पर्यंत आपोआप मिटणारी करावीत. मुदत संपली आणि सहा महिन्यांच्या आत ट्विन पार्क्स घडले. कायदा होता, दारावर यंत्रही बसवलेले होते. फक्त त्या दिवशी ते चालले नाही.

आपल्याकडेही धूर वर चढल्याचे आपण पाहिले आहे. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेला, आपल्यासारख्याच पुनर्वसन योजनेतल्या इमारतीत, तळाच्या पार्किंगमध्ये आग लागली. वर माणसे झोपलेली होती. किमान सात जण गेले आणि चाळिसाहून अधिक जखमी झाले. आग तळाला आणि गुदमरणारा माणूस वरच्या मजल्यावर, हे आमच्या नोकरीत नवीन नव्हते.

मग अग्निरोधक दार म्हणजे नेमके काय? साध्या दाराला लाल रंग दिला म्हणजे ते अग्निरोधक होत नाही. अशा दाराची चौकट, पल्ला, बिजागऱ्या, कडी, वरचा क्लोजर आणि कडेच्या पट्ट्या या सगळ्यांची मिळून भट्टीत परीक्षा होते. आपल्या देशात त्यासाठी आय.एस. ३६१४ हे मानक आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत जिन्याच्या आणि लिफ्टच्या लॉबीच्या तोंडाशी १२० मिनिटांची दारे सांगितली आहेत. पल्ल्याच्या बिजागरीकडच्या कडेला किंवा वर एक लहान पत्रा असतो, त्यावर हा तपशील असतो. रंगारी नेमका त्यावरच ब्रश फिरवतो! आपल्या बऱ्याच दारांवर तो पत्रा रंगाखाली गेलेला मी आज पाहिला. नखाने खरवडून बघा.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी पुष्कळ कंत्राटदारांनाही ठाऊक नसते. दाराच्या कडेला खाचेत एक चपटी पट्टी बसवलेली असते. ती सुमारे २०० अंशांच्या आसपास तापली की फुगते आणि फट बुजवते. ज्वाला अडवायला ती उत्तम. पण आगीपासून वीस मीटर लांब असलेल्या जिन्याच्या दाराशी धूर पोहोचतो तेव्हा तो तेवढा तापलेला नसतो. माणूस मारायला तो पुरेसा असतो, पट्टी फुगवायला पुरेसा नसतो. पट्टी झोपलेली आणि धूर फटीतून आरामात आत. म्हणून त्या पट्टीच्या जोडीला ब्रशसारखी किंवा रबराची दुसरी पट्टी लागते, जी थंड असतानाही चौकटीला घासून फट बंद ठेवते. १२० मिनिटांचे प्रमाणपत्र हे भट्टीतल्या ज्वाळेचे असते. धूर किती गळतो त्याची परीक्षा वेगळी. दारे बदलायची वेळ आली तर कमिटीने कंत्राटदाराला हा प्रश्न जरूर विचारावा.

आणि क्लोजर. दाराच्या वर तेलाचे लहान नळकांडे आणि दुमडणारा दांडा असतो तो. आपल्या इमारतीत सात मजल्यांवर हा दांडा कोणीतरी सोडवून ठेवला आहे. का, असे विचारले तर उत्तर मिळाले, "रात्री दार धाडकन आपटते, झोपमोड होते." तक्रार खरी आहे. पण औषध चुकीचे आहे. त्या नळकांड्यावर बहुधा दोन लहान स्क्रू असतात. एक दार किती वेगाने मिटावे ते ठरवतो, दुसरा शेवटच्या वीतभर अंतराचा वेग ठरवतो. स्क्रू-ड्रायव्हरने थोडेसे फिरवले की आपटणे थांबते. मात्र फार घट्ट केले तर दार चौकटीला टेकते पण कडी बसत नाही, आणि कडी न बसलेले दार धुराच्या दाबाने हळूच उघडते. नळकांड्याखाली दारावर तेलाचा ओघळ दिसला तर क्लोजर संपला, तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.

परीक्षा सोपी आहे. दार पूर्ण उघडून सोडा, ते कडी लागेपर्यंत स्वतः मिटले पाहिजे. मग फक्त चार बोटे उघडून सोडा. इथेच बहुतेक दारे नापास होतात, कारण लांबून येताना दाराला वेग असतो, जवळून नसतो. नंतर फट पाहा. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की जाडी साधारण ३ मिलिमीटर होते. बाजूच्या किंवा वरच्या फटीत ती सैल जात असतील तर बिजागरी उतरली आहे किंवा चौकट हलली आहे. सगळ्यात शेवटी अगरबत्ती. ती पेटवून मिटलेल्या दाराच्या वरच्या कडेजवळून हळूहळू न्या. धुराची रेघ जिथे फटीकडे वाकते किंवा आत ओढली जाते, तिथून उद्या धूरही जाणार. विजेच्या डक्टमध्ये मात्र अगरबत्ती नेऊ नका.

त्या डक्टबद्दल वेगळे सांगतो. दारे उत्तम बसवली आणि डक्ट उघडा राहिला तर वाटीला बूडच नाही असे होते. तारा प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधून वर जातात, आणि प्रत्येक स्लॅबशी ते भोक आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवलेले असले पाहिजे. बांधताना ते बुजवतात. मग केबलवाला येतो, इंटरनेटवाला येतो, हातोडीने भोक पाडतो, तार ओढतो आणि निघून जातो. कधी पिवळा फेस भरून जातो. तो साधा फेस स्वतःच पेटतो. इलेक्ट्रिशियनला डक्टचे दार उघडायला सांगा, तुम्ही हात न घालता बाहेरूनच खाली बघा. खालच्या मजल्यावर कोणी टॉर्च लावला आणि त्याचा उजेड वर दिसला, तर धूरही दिसेल.

नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एका इमारतीत रात्री आम्ही पोहोचलो तेव्हा घरातला हॉल जळून गेला होता. भिंती छतापासून गुडघ्यापर्यंत काळ्या. आतल्या खोलीचे दार मिटलेले होते, साधे प्लायवूडचे दार, अग्निरोधक वगैरे काही नाही. ते उघडले तर आत भिंतीवरचे कॅलेंडर स्वच्छ, तारखा वाचता येत होत्या. फक्त दाराच्या वरच्या कडेला हातभर काजळी. आजी पलंगावर खोकत बसली होती. अमेरिकेत घरे मुद्दाम पेटवून असे मोजमाप केले आहे. उघड्या दाराच्या खोलीत तापमान ५०० अंशांच्या वर गेले, तर मिटलेल्या दाराच्या खोलीत ४० अंशांच्या आसपास राहिले. म्हणून रात्री झोपताना खोलीचे दार लावून घ्या. आणि हॉलचे मुख्य दार? आपण दिवसभर जाळीचे सेफ्टी डोअर लावतो आणि आतले लाकडी दार उघडे ठेवतो. जाळी चोर अडवते. धुराला ती दिसतही नाही.

दाराच्याही मर्यादा आहेत, त्या लपवून ठेवणार नाही. मिटलेले दार धूर उशिरा आणते, कायमचा थांबवत नाही. शिवाय आम्ही बंबवाले पाण्याचा होज जिन्यातून पॅसेजमध्ये नेतो तेव्हा आम्हीच ते दार होजने उघडे धरतो. तेवढ्या वेळात जिन्यात धूर शिरतोच. म्हणून आगीच्या मजल्याच्या वर असणाऱ्यांनी आधी दाराला हात लावून पाहावे, फटीतून पॅसेज पाहावा. स्वच्छ असेल तर जिन्याने उतरावे. पॅसेज धुराने भरलेला असेल तर दार मिटून घ्यावे, खालच्या फटीत ओले टॉवेल कोंबावेत, खिडकीशी जाऊन १०१ ला घर क्रमांक आणि मजला सांगावा. आग आपल्याच घरात असेल तर मात्र थांबायचे नाही. सगळ्यांना बाहेर काढा आणि शेवटच्या माणसाने दार ओढून घ्या. कुलूप नको, फक्त ओढून घ्या.

मघाशी एका मावशींनी विचारले, "दार एवढे जड, माझ्या गुडघ्यांना ते ढकलवत नाही. दगड काढला तर मी भाजी आणायला कशी जाऊ?" हा प्रश्न टाळून चालणार नाही. दगड लावला जातो तो आळसाने नाही, अडचणीने. पहिला उपाय, क्लोजरचा जोर कमी करता येतो, तो आधी करून बघा. बिजागरीत तेल घाला, अर्धा जडपणा तिथेच असतो. तरीही जमत नसेल तर चुंबकाची पकड मिळते. ती दार उघडे धरते आणि धुराचा डिटेक्टर वाजला किंवा वीज गेली की सोडून देते, मग दार स्वतः मिटते. खर्च आहे. पण सगळ्या मजल्यांवर नको, ज्या मजल्यावर वृद्ध मंडळी आहेत तिथे दोन-तीन पुरतील. डिटेक्टर चालू असेल तरच, हे मात्र लक्षात असू द्या.

आणि कमिटीसाठी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि राहणाऱ्यांवर आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून व्यवस्था चालू स्थितीत असल्याचा बी नमुन्यातला दाखला द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी एजन्सीचा माणूस तळमजल्यावर पंप सुरू करून बघतो, चहा पितो आणि सही करतो. त्याला जिना चढवा. प्रत्येक मजल्यावर त्याच्यासमोर दार चार बोटे उघडून सोडा आणि जे मिटले नाही त्याचा मजला वहीत लिहून घ्या.

माझा वेळ संपत आला, अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत. जेवणाआधी दहा मिनिटे आहेत. कमिटीच्या दोघांनी आणि ज्यांना यायचे असेल त्यांनी माझ्याबरोबर नवव्या मजल्यावर यावे. दोन रुपयांची सुटी नाणी आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या, अगरबत्ती माझ्या खिशात आहे. मावशी, तुम्हीही चला, क्लोजर सैल केला की दार ढकलून तुम्हीच बघायचे आहे.

जयभीम.